मदत हवी आहे: एका लाल मोज्याने अख्खी मशीन गुलाबी केली

चकलीची_भाजणी · मंगळवार, रात्री ९:४०
पांढऱ्या कपड्यांत लेकाचा एक लाल मोजा गेला. एकच! मशीन उघडली तर सगळं गुलाबी. रविवारी मुंज आहे आणि सासऱ्यांचं धोतर त्यातच होतं. घरात व्हिनेगर आहे, खायचा सोडा आहे, बाटलीतलं ब्लीच आहे. यातलं काय टाकू आणि किती? प्लीज पटकन सांगा. पांढरे कपडे वेगळे धुवावेत हे मला माहीत आहे, त्यावर लेक्चर नको.

अभ्या_सातारकर · रात्री ९:५२
सोप्पं आहे. बादलीभर पाण्यात दोन मुठी जाडं मीठ आणि कपभर व्हिनेगर घालून रात्रभर भिजत ठेवा. आमच्याकडे नवीन कपडा आला की आई हेच करते, रंग जात नाही.

मुक्ता_आजी · रात्री १०:०५
अगं, घाबरू नकोस. लिंबू पिळून ओलं धोतर उन्हात टाक, दोन दिवसांत उतरेल. आमच्या वेळी मशीनच नव्हतं, त्यामुळे असले घोटाळेही नव्हते. वर थोडी नीळ दे, म्हणजे शुभ्र दिसेल.

रंगपेटी · रात्री १०:२१
ताई, आधी सांगा: कपडे अजून ओले आहेत का वाळवले? पाणी गरम होतं का? आणि कापड कुठलं? "पांढरे कपडे" एवढ्यावर काही सांगता येत नाही.

अभ्या, तुमच्या आईंचा उपाय रंग जाऊ नये म्हणून आहे, यांना रंग घालवायचाय. मी बरीच वर्षं इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला होतो. सुती कापड रंगवताना हौदात मीठ टाकतात ते रंग पाण्यातून कापडावर चढावा म्हणूनच. गुलाबी धोतर मिठाच्या पाण्यात घातलंत तर पाण्यात सुटलेला थोडा रंगही परत धोतरावर बसेल.

आजी, निळीचं राहू द्या. गुलाबीवर निळा चढला की जांभळट होतं.

टोरांटोची_सई · रात्री १०:३०
आमच्याकडे रंग धरून ठेवणारे कागद मिळतात, मशीनमध्ये टाकायचे. मी दर लोडला टाकते, कधी प्रॉब्लेम आला नाही. आणि ड्रायरमध्ये अजिबात टाकू नका!

चकलीची_भाजणी · रात्री १०:४४
ड्रायर कुणाकडे आहे इथे 😀 कपडे ओलेच आहेत, टबात पडलेत. फक्त लेकाचा एक शाळेचा शर्ट संध्याकाळी इस्त्री करून बसले, वाटलं गुलाबी कमी होईल. पाणी चाळीसवर होतं. मोजा रेड हाऊसचा, सुती. कपडे: धोतर, दोन शाळेचे शर्ट, चार बनियन, अहोंचा सिल्कचा कुर्ता. सई, कागद आता टाकून उपयोग आहे का?

रंगपेटी · रात्री १०:५८
सईताईंचे कागद पाण्यात सुटलेला रंग पकडतात. धाग्यात शिरलेला ओढून काढत नाहीत. आता उशीर झाला.

ओले आहेत हे चांगलं झालं. आज रात्री एवढंच करा: मोजा बाहेर काढा, बाकीचं सगळं पुन्हा एकदा नेहमीच्या पावडरीत धुवा आणि वाळत घालू नका. वरवर बसलेला रंग याच धुण्यात निघतो. जो वाळतो तो आत मुरतो, मग नुसत्या साबणाला दाद देत नाही. इस्त्रीचा शर्ट गेला असं समजू नका, फक्त त्याला वेळ जास्त लागेल.

अभ्या_सातारकर · रात्री ११:१०
मीठ राहू दे मग. पण ब्लीच आहे ना घरात? त्यात थोडं व्हिनेगर टाकलं की ब्लीच जोरात काम करतं, मी वाचलंय. अर्ध्या तासात काम तमाम.

रंगपेटी · रात्री ११:१३
करू नका. जोरात काम करतं हे खरं, पण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये खोकून खोकून जीव जायची वेळ येईल. लिंबू, टॉयलेट क्लीनर, तेही त्यात नाही. शिवाय धोतराला काठ असेल तर ब्लीच काठाचाही रंग खाईल. ताई, काठ आहे का?

चकलीची_भाजणी · बुधवार, सकाळी ७:१५
अर्थात आहे, धोतर आहे ते! हिरवा-तांबडा. आणि शर्टांच्या खिशावर शाळेचा निळा बिल्ला शिवलेला आहे. रात्री पुन्हा धुतलं. बनियन बऱ्यापैकी फिकट झाल्या, धोतर अजून गुलाबी. आता?

भटक्या_नाना · सकाळी ८:०२
माझा काळा शर्ट तीन धुण्यांत करडा झाला, त्यावरही असाच काही उपाय आहे का? विहिरीचं पाणी आहे आमच्याकडे.

रंगपेटी · सकाळी ८:४०
नाना, तुमचा रंग गेलाय, यांचा आलाय. वेगळा धागा काढा.

ताई, हे "अर्थात" कालच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं 🙂 आता दोन वाटा.

काठ, बिल्ला, छाप असलं काहीही असेल त्याला ऑक्सिजनवालं ब्लीच. डाग काढायची जी पावडर किराणा दुकानात मिळते तिच्या पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलंय का बघा. हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी दहा लिटर घ्या, त्यात पन्नास-साठ ग्रॅम पावडर पूर्ण विरघळवा आणि मग धोतर बुडवा. पाणी गार असेल तर पावडर नुसती तळाला बसून राहते आणि लोक म्हणतात उपयोग झाला नाही. पाच-सहा तास ठेवा, त्यानंतर त्या पाण्यात दम उरत नाही. फरक दिसला पण पुरता गेला नाही, तर नवीन पाणी करून पुन्हा. आधी काठाचा एक कोपरा पाव तास बुडवून पांढऱ्या रुमालावर दाबा. रुमालाला रंग लागला तर थांबा.

बनियन निव्वळ पांढऱ्या आहेत, त्यांना रंगकाट. रंगाच्या दुकानात हायड्रो म्हणूनही मागतात.

मुक्ता_आजी · सकाळी ९:०५
रंगकाट! आमचा परीट वापरायचा. वास यायचा घाण, पण कपडे कसे दुधासारखे.

अभ्या_सातारकर · सकाळी ९:२०
एवढी केमिकलं आणण्यापेक्षा बनियन नव्या घ्या की. चार बनियन म्हणजे काय!

चकलीची_भाजणी · सकाळी ९:३१
अभ्यादादा, मुंजीच्या आठवड्यात बनियन घ्यायला तुम्ही जाता का?
काका, रंगकाट मिळाली, शंभर ग्रॅमची पुडी. कशी वापरू? आणि कुर्त्याचं काय?

रंगपेटी · सकाळी १०:१५
स्टीलची किंवा प्लॅस्टिकची बादली घ्या, ॲल्युमिनियमची नको. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. दहा लिटर चांगलं गरम पाणी, त्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, मग वीस-पंचवीस ग्रॅम रंगकाट. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. उरलेली पुडी कोरड्या डब्यात घट्ट बंद ठेवा, ओल लागली तर आपोआप तापते, पेटही घेऊ शकते. बनियन बुडवा आणि हळूहळू हलवत राहा. रंग जायचा असेल तर पंधरा-वीस मिनिटांत डोळ्यांदेखत जातो. जास्त ढवळू नका, हवा लागली की पावडरीचा जोर संपतो. नंतर तीन पाण्यांतून खळबळा.

आणि एका दिवशी एकच बादली. रंगकाट आणि परकार्बोनेट एकत्र आली की दोघी एकमेकींना मारतात, कपडा आहे तसाच राहतो.

कुर्ता किती गुलाबी झालाय?

चकलीची_भाजणी · सकाळी १०:२२
तीच तर गंमत. कुर्ता अजिबात गुलाबी नाही! जसाच्या तसा. प्युअर सिल्क आहे म्हणून वाचला असेल का?

रंगपेटी · सकाळी १०:३७
उलट. सुती मोज्याचा सुटा रंग सूत तर धरतंच, पण रेशीमसुद्धा बऱ्यापैकी धरतं. न धरणारं कापड म्हणजे पॉलिस्टर. शाळेचा शर्ट बघा, धोतरापेक्षा फिकट असणार, कारण टेरिकॉटमध्ये फक्त सुताचा भाग रंगतो. शिलाईचा दोराही बघा.

चकलीची_भाजणी · सकाळी १०:५०
अरे देवा. शर्ट गुलाबी आणि शिलाई पांढरीशुभ्र! उठून दिसतेय अगदी. म्हणजे दोरा पॉलिस्टरचा?
पण कुर्ता दुकानदाराने प्युअर सिल्क म्हणून दिलाय हो, पैसेही तसेच घेतलेत.

टोरांटोची_सई · सकाळी ११:०५
रेशमाला पाणी जास्त लागलं नसेल, मशीनमध्ये वर असेल. माझी पैठणी एकदा

टोरांटोची_सई · सकाळी ११:०६
अर्धवट गेला प्रतिसाद. पैठणीवर गुलाबपाणी सांडलं होतं तर डाग पडला नव्हता, असं म्हणायचं होतं.

रंगपेटी · सकाळी ११:३०
चाळीस मिनिटं फिरलेल्या मशीनमध्ये वर-खाली काही राहत नाही. पण नुसत्या रंगावरून मी पैजेवर सांगणार नाही. शिवणीच्या आतला एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडली जाणारी राख, तर रेशीम. वितळून कडक काळी गोळी झाली तर पॉलिस्टर. आणि रेशीम निघालं तर ते ना परकार्बोनेटमध्ये, ना बाटलीतल्या ब्लीचमध्ये.

चकलीची_भाजणी · शनिवार, दुपारी ४:१०
अपडेट. बनियन दहाव्या मिनिटाला पांढऱ्या झाल्या, मी स्टूल घेऊन बघत बसले होते. वास मात्र कुजक्या अंड्यासारखा. फक्त गळ्याच्या पट्टीला किंचित गुलाबी छटा आहे, ती कोण बघतंय.

धोतराला परकार्बोनेटचे दोन मुक्काम लागले. पहिल्यांदा पाणी कोमट घेतलं, अक्षरशः काही झालं नाही, पावडर तळाला जशीच्या तशी. दुसऱ्यांदा गीझरचं कढत पाणी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पांढरं. काठ टिकला, आधी कोपरा तपासला होता. एका काठाशेजारी बोटभर फिकट गुलाबी रेघ राहिलीय. ती मोज्याची की काठाचाच तांबडा सुटलाय, कळत नाही. सासरे म्हणाले, नेसल्यावर निऱ्यांत जाईल.

शर्टांपैकी ओला होता तो स्वच्छ. इस्त्रीवाल्याच्या कॉलर आणि कफांत अजून गुलाबी आहे, बाकी गेलं.

रंगपेटी · दुपारी ४:३५
कॉलर-कफांत आत जाड सुती पट्टी असते, तिच्यात रंग बसलाय. आणखी एक मुक्काम द्या, जाईलच असं मात्र सांगत नाही. धोतराची रेघ: काठावर ओला रुमाल दाबून बघा. तांबडं उमटलं तर काठच सुटतोय, मग यापुढे गार पाण्यातच धुवा. कुर्त्याचा धागा जाळला का?

चकलीची_भाजणी · दुपारी ४:४१
अहो म्हणतात, मुंज होईपर्यंत माझ्या कुर्त्याजवळ काडेपेटी आणायची नाही.

भटक्या_नाना · संध्याकाळी ६:२०
ही रंगकाट काळ्या शर्टाला चालेल का?