वीजबिलाच्या नावाखाली आलेला फोन : सभासदांसाठी माहिती

संजय, ब-३०४ : नमस्कार. काल संध्याकाळी आमच्या बाबांच्या खात्यातून १,४७,००० रुपये गेले. ‘मागील बिल नोंदलेले नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला आणि बाबांनी त्यातल्याच क्रमांकावर फोन केला. समोरच्या माणसाने गोड बोलून एक ॲप उतरवून घ्यायला लावले, त्यात दिसणारा नऊ आकडी क्रमांक वाचून घेतला आणि परवानगीचे बटण दाबायला सांगितले. मग ‘खात्री पटवण्यासाठी फक्त १० रुपये भरा’ म्हणाला. बाबांनी कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे टाकले, ते त्याला तिकडे जसेच्या तसे दिसत होते.

मेधा, अ-१०२ : पण काकांनी ओटीपी कोणालाच सांगितला नाही ना?

संजय, ब-३०४ : सांगण्याची गरजच पडली नाही, कारण आलेला मेसेज स्क्रीनवर वर झळकला की तो त्यालाही वाचता येत होता. त्याने फोन शेवटपर्यंत चालू ठेवला होता, त्यामुळे बँकेचे मेसेज बाबांनी नीट पाहिलेच नाहीत. ४९,००० आणि ९८,००० अशा दोन रकमा गेल्यावर माझ्या पत्नीचे लक्ष गेले.

मेधा, अ-१०२ : मग लगेच काय केलेत?

संजय, ब-३०४ : तिने आधी बाबांचा फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे त्याचा संपर्क तुटला. नंतर स्वतःच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा मदत क्रमांक लावून खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक दिला. तेवढ्यात मी बँकेच्या मदत क्रमांकावरून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घेतले. हा क्रमांक कार्डाच्या मागे असतो. गूगलवर शोधू नये, तिथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. रात्री cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण भरली. पैसे पुढच्या खात्यात असतील तोवरच ते गोठवता येतात, एकदा एटीएममधून निघाले की हाती लागणे कठीण.

देशपांडे, क-२०१ : मी बँकेत नोकरी केली आहे, म्हणून एक सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मोबाइल घाईने फॉरमॅट करू नका, पुरावा जाईल. दुसऱ्या फोनने मेसेजचे आणि ॲपचे फोटो काढा, मग ॲप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

मेधा, अ-१०२ : संजयदादा, आईच्या मोबाइलमध्ये असेच एक ॲप दिसते आहे. परवा ‘केवायसी’साठी फोन आला होता म्हणे.

संजय, ब-३०४ : नेट बंद करा, काही दाबू नका. मी वर येतो आहे.