१०० मीटर फायनलचा भाव: हंगामातली सर्वोत्तम वेळ, लेन आणि 'मोठ्या मंचावरचा भरवसा' यांना किती वजन?

ठोकताळा
फायनलच्या आठ जणांचा भाव काढायला मी एक साधं गणित वापरतो. हंगामातल्या सर्वोत्तम वेळेला ६० टक्के वजन, लेनला २०, आणि मागच्या मोठ्या फायनलमधल्या क्रमांकांना २०. पॅरिस २०२४ च्या पुरुषांच्या १०० मीटरला हे लावलं तर किशेन थॉम्पसन स्पष्ट पुढे येतो. वेळ ९.७७, लेन चौथी. नोआ लाइल्स ९.८१ आणि लेन सातवी. जिंकला लाइल्स. गणित चुकलं, की निकालच नशिबाचा होता?

वाऱ्याची_दिशा
तुमची साठ टक्क्यांची बाजूच आधी कच्ची आहे. थॉम्पसनने ९.७७ किंग्स्टनला ट्रायल्समध्ये काढली, तेव्हा पाठीवर ०.९ मीटर प्रतिसेकंद वारा होता. लाइल्सची ९.८१ लंडनची, तिथे ०.३ चा वारा समोरून होता. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये पाठीवरचा एक मीटरचा वारा साधारण ०.०५ सेकंद देतो. म्हणजे वारा नसता तर थॉम्पसनची वेळ ९.८१-९.८२ च्या आसपास आणि लाइल्सची ९.७९. तुमच्या तक्त्यात थॉम्पसन ०.०४ ने पुढे आहे, वारा काढला की तोच ०.०२ ने मागे जातो.

भावात याचा काय फरक पडतो तेही बघा. प्रत्येकाची वेळ शर्यतीगणिक ०.०५ ने इकडेतिकडे होते असं धरा. मग दोघांमधला फरक ०.०७ ने हलतो. ०.०४ ची आघाडी असेल तर थॉम्पसन लाइल्सला हरवण्याची शक्यता साधारण ७२ टक्के, म्हणजे एकाला शक्यतेने भागून रास्त भाव १.३९. तोच ०.०२ ने मागे असेल तर ३९ टक्के, भाव २.५६. वाऱ्याची एक नोंद तपासली नाही, एवढ्यावरून भाव जवळजवळ दुप्पट होतो.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघायची. फर्डिनांड ओमान्यालाने त्याच हंगामात नैरोबीत ९.७९ काढली होती, कच्च्या यादीत थॉम्पसनच्या लगेच मागे. पाठीवर १.५ चा वारा आणि विरळ हवा. हजार मीटर उंचीमागे साधारण ०.०३ मिळतात, नैरोबीत ०.०५ च्या आसपास. दोन्ही काढलं तर ती ९.९१ ची धाव. पॅरिसच्या सेमीत तो १०.०८ ला बाहेर पडला.

आठवी_लेन
वारा मान्य. पण लेनला वजन हवंच. सातव्या लेनमधून चौथीतला माणूस दिसतच नाही, तुम्ही एकटेच पळत राहता. लाइल्स तसा जिंकला ही त्याची ताकद, लेनची नाही. भावात तो तोटा धरायलाच हवा होता. आणि २०० मीटरला तर आतली लेन मिळाली की खेळ खलास.

वाऱ्याची_दिशा
२०० बद्दल तुमचं बरोबर आहे, १०० बद्दल नाही. वळणावर पहिल्या लेनची त्रिज्या सुमारे ३७ मीटर, आठवीची सुमारे ४५. तोच वेग आत राखायचा तर शरीर जास्त कलवावं लागतं आणि पाय जास्त दाबावा लागतो. सरळ मार्गावर असं काही नसतं. पूर्वी स्टार्टरची पिस्तूल एका बाजूला असायची तेव्हा लांबच्या लेनला आवाज उशिरा पोचायचा. आता प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो.

खरी गोम वेगळीच आहे. फायनलची लेन आभाळातून पडत नाही, ती सेमीवरून ठरते. वरच्या चौघांमध्ये मधल्या लेनसाठी चिठ्ठ्या टाकतात, खालच्यांना कडेच्या मिळतात. लाइल्सलाही सातवी सेमीवरूनच मिळाली, तिथे तो ९.८३ काढून ओब्लिक सेव्हिलच्या मागे दुसरा आला होता. सेमीचा निकाल तुम्ही फॉर्ममध्ये धरणार आणि परत लेनलाही २० टक्के देणार, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा वसूल केले.

आठवी_लेन
मग रिओला वेड व्हान नीकर्क आठव्या लेनमधून ४३.०३ पळाला त्याचं काय? तिथे तर बाहेरची लेन वाईट मानतात.

वाऱ्याची_दिशा
ते ४०० मीटर. तिथे कोण पुढे आहे ते न दिसण्याचा तोटा आणि सैल वळणाचा फायदा, दोन्ही असतात. एका माणसाच्या विश्वविक्रमावरून लेनचा भाव ठरत नाही, आणि १०० चा तर मुळीच नाही.

शिट्टी_आणि_घड्याळ
चर्चा छान चाललीय, माझाही प्रश्न घ्या. आमच्या क्लबच्या फायनलसाठी मी असंच गणित मांडलं. एका पोराची वेळ ११.१, दुसऱ्याची ११.३. मी पहिल्याला पुढे धरलं आणि तो मागे राहिला. त्याची वेळ मी स्वतः घड्याळावर घेतली होती, दुसऱ्याची एका मोठ्या स्पर्धेतली आहे. हे दडपणामुळे झालं का?

वाऱ्याची_दिशा
अहो, दडपण कसलं! तुमचं बोट आहे ते. हाताने घेतलेल्या वेळेत साधारण ०.२४ मिळवल्याशिवाय ती विद्युत घड्याळाशी ताडता येत नाही. तुमचं ११.१ म्हणजे ११.३४. मोठ्या स्पर्धेतलं ११.३ विद्युत असेल तर तो दुसरा पोरगा आधीपासूनच पुढे होता.

नमुना_लहान
वाऱ्याइतकीच मोठी चूक अजून कोणी काढली नाही. हंगामातली सर्वोत्तम वेळ म्हणजे अनेक धावांतली सर्वात लहान. जो जास्त वेळा पळतो त्याला चांगला आकडा सापडण्याची संधी जास्त. दोघे अगदी सारखे असले, वेळ ०.०५ ने हलत असली, आणि एक ४ वेळा तर दुसरा १० वेळा पळाला, तर दहा वेळा पळणाऱ्याची सर्वोत्तम वेळ सरासरी ०.०२५ ने चांगली दिसते. ताकद तीच.

थॉम्पसन त्या हंगामात मोजकाच पळाला होता. समजा त्याच्या ४ आणि लाइल्सच्या १० धावा धरल्या. मग वाऱ्याची दुरुस्ती करून उरलेली लाइल्सची ०.०२ ची आघाडी जवळपास पुसली जाते. दोघांची सरासरी ९.८६-९.८७ च्या आसपास येऊन थांबते. भाव: निम्मे-निम्मे.

ठोकताळा
वा! म्हणजे ९.७८४ विरुद्ध ९.७८९. दोघांनाही ९.७९ लिहिलं, पाच हजारांश सेकंदाने निकाल. तुमचं गणित तंतोतंत बसलं.

पावती_फाडा
बसलं नाही, बसवलं. निकाल माहीत असताना दुरुस्त्या करत गेलात आणि निम्मे-निम्मे आल्यावर थांबलात. ४ आणि १० हे आकडे कुठून आले? ७ आणि ८ धरले असते तर लाइल्स पुढे राहिला असता आणि तुम्ही तेही 'बघा, जिंकला' म्हणून दाखवलं असतं. एका शर्यतीने भाव बरोबर की चूक हे कधीच कळत नाही. ७० टक्के म्हटलेले शंभर घोडे लावा, सत्तरच्या आसपास जिंकले तर मानीन.

नमुना_लहान
आकडे मी धरलेले आहेत हे खरं, तसं लिहिलंही आहे. धावांची खरी संख्या मोजून घालायला हवी. पण दुरुस्ती कोणत्या दिशेला जाईल हे निकालावर अवलंबून नाही. कमी पळालेल्याचा सर्वोत्तम आकडा त्याच्या सरासरीच्या जवळ असतो, हे शर्यतीआधीही खरंच होतं.

उलट माझ्याच मांडणीत दुसरी एक खोट आहे, ती मी सांगतो. ०.०५ हा चढउतार वेगवेगळ्या दिवसांचा आहे, त्यात वारा, थंडी, ट्रॅक सगळं आलं. फायनलमध्ये वारा आठही जणांना साधारण एकच असतो. म्हणून आपसातला चढउतार त्याहून कमी धरायला हवा. तो ०.०३५ धरला तर ०.०४ ची आघाडी ७२ ऐवजी ७९ टक्क्यांची होते. वारा न काढता नुसत्या वेळांवरून चढउतार मोजणारा आवडत्या धावपटूला नेहमी रास्तपेक्षा जास्त भाव देऊन बसतो.

आठवी_लेन
आणि भरवसा? अकानी सिम्बिने बघा. ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा मिळून रिओ पाचवा, लंडन २०१७ पाचवा, दोहा चौथा, टोकियो चौथा, युजीन पाचवा, पॅरिस चौथा. बुडापेस्टला तर सेमीतच फॉल्स स्टार्ट. हा माणूस फायनलला कोसळतो. भाव वाढवायलाच हवा.

वाऱ्याची_दिशा
जिंकण्याचा भाव वाढवा, पण 'कोसळतो' या कारणाने नको. पॅरिसमध्ये चौथा येताना त्याने ९.८२ काढली, तो त्याच्या देशाचा विक्रम होता. ज्या दिवशी आयुष्यातली सर्वोत्तम धाव झाली तो दिवस कोसळण्याचा कसा? क्रमांक इतर सात जणांवरही ठरतो. भरवसा मोजायचा तर फायनलची वेळ आणि आधी अपेक्षित वेळ यांतला फरक बघा, पदक नाही. त्या हिशेबात सिम्बिने भरवशाचा निघतो, फक्त इतर तिघे जास्त वेगवान निघाले. पहिल्या चारांत येण्याचा भाव कोणी विचारला तर मी त्याला आवडता धरीन.

पावती_फाडा
आणि सेव्हिल? २०२२ चौथा, २०२३ चौथा, २०२४ ला सेमी ९.८१ आणि फायनल ९.९१, आठवा. तुमच्या 'फरक' मापातही तो शेवटची धाव बिघडवणाराच ठरतो. २०२५ च्या टोकियोत त्याने ९.७७ काढून सुवर्ण नेलं, थॉम्पसन ९.८२. तीन फायनलवरून माणूस ओळखायला निघालात की असंच होतं.

नमुना_लहान
त्यातला २०२३ चा चौथा क्रमांक तर नावालाच. दुसरा, तिसरा आणि चौथा, तिघेही ९.८८ वर होते, हजारांशांवर ठरलं. क्रमांकाच्या रकान्यात तो 'पदक हुकलं' असा दिसतो. म्हणून तीन फायनलच्या सरासरी फरकाला मी पूर्ण वजन देत नाही, तो शून्याकडे बराच ओढतो. सेव्हिलचा सरासरी फरक समजा ०.०४ वाईट निघाला तर भावात ०.०१ घालीन, त्याहून जास्त नाही.

फॉल्स स्टार्ट मात्र वेगळा मोजतो. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. २०११ ला देगूत उसेन बोल्ट फायनलमधून गेला, २०२५ ला टोकियोत लेत्सिले तेबोगो. प्रत्येकाच्या शक्यतेतून मी एक टक्का कापतो. आठ जणांत मिळून कोणीतरी जाण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास होते, आणि ती कापणी सर्वात जास्त आवडत्याला झोंबते.

पावती_फाडा
एक टक्का का? दोन का नाही?

नमुना_लहान
मोठ्या स्पर्धांच्या सेमी आणि फायनल मिळून मोजायला हव्यात. मी मोजलेल्या नाहीत, अंदाज आहे. तुम्ही मोजून आणलात तर बदलीन.

ठोकताळा
मी वजनं मोडून टाकली. १०० मीटरला लेनचे २० टक्के शून्य, वेळ वारा काढून, धावांची संख्या सोबत. मागच्या क्रमांकांच्या जागी वेळेतला फरक, तोही चौथाई. पण धावा मोजताना हीट्समधल्या शेवटी हात सैल सोडून काढलेल्या वेळा घ्यायच्या की टाकायच्या? त्या घेतल्या तर संख्या वाढते, पण त्या माणसाच्या ताकदीबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

वाऱ्याची_दिशा
मी टाकतो.

नमुना_लहान
मी घेतो, पण 'याहून वाईट नाही' एवढीच माहिती म्हणून.

शिट्टी_आणि_घड्याळ
माझा ११.१ वाला पोरगा परवा विद्युत घड्याळावर पळाला. ११.३१.