'सुकामेवा असू शकतो' हे वाक्य नेमकं काय सांगतं?

मृण्मयी: ऑनलाइन विक्रीसाठी एका ओट बारची मराठी माहिती लिहिते आहे. घटक असे: ओट्स, मध, बदाम, तीळ, डार्क चॉकलेट (4 टक्के), मीठ. त्याच यंत्रावर शेंगदाण्याचे बारही बनतात. इंग्रजी मजकुरात जिथे 'नट्स' आहे तिथे मी 'सुकामेवा' लिहिलं आणि शेवटी वाक्य टाकलं, 'यात सुकामेवा असू शकतो'. सहकारी म्हणतो, 'सुकामेव्याचे अंश असू शकतात' असं हवं. कोणतं बरोबर?

श्रीरंग: 'अंश' बरोबर, कारण प्रमाण अगदी थोडं असतं. आणि माझ्या मते सगळ्याच अ‍ॅलर्जीच्या पदार्थांपुढे 'असू शकते' लिहून टाकावं. कोणाला काही झालं तर आपण आधीच सांगितलं होतं म्हणता येतं.

नीलांबरी: श्रीरंग, सूचना द्यायला हवी हे तुमचं म्हणणं योग्य आहे, पण सगळीकडे 'असू शकते' लिहिणं चूक आहे. मी बरीच वर्षं खाद्यपदार्थांच्या गुणवत्ता विभागात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

या बारमध्ये बदाम घातलेलेच आहेत. त्यांच्याबद्दल 'असू शकतो' म्हणणं म्हणजे ठाऊक असलेली गोष्ट शंका म्हणून सांगणं. तिथे 'आहे' हेच क्रियापद हवं. 'असू शकते' हे फक्त जे मुद्दाम घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावरून येण्याचा खरा धोका आहे त्याच्यासाठी. इथे तो शेंगदाणा. मृण्मयीच्या वाक्यात बदाम आणि शेंगदाणे एकाच शब्दात गेले आणि दोघांबद्दलची माहिती चुकीची झाली.

दुसरं, 'सुकामेवा' हा शब्दच इथे चालणार नाही. मराठीत सुकामेव्यात मनुका, खजूर, जर्दाळू येतात. त्यांचा या अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. उलट शेंगदाणा बरेच लोक सुकामेव्यात धरत नाहीत, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो शेंगवर्गातला आहे. नियमांतही शेंगदाणा वेगळा आणि बदाम-अक्रोड-काजू वेगळे.

वैशाली: मध्येच बोलते, कारण हे आमच्या घरी घडलं आहे. माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एका पाकिटावर मराठीत 'सुकामेवाविरहित' असं ठळक लिहिलेलं होतं. आजीने ते वाचून पाकीट उघडलं. घटकांची यादी मागच्या बाजूला बारीक अक्षरात होती आणि तिच्यात शेंगदाण्याची पेस्ट होती. मी वेळेवर पोचले म्हणून बरं. आजीचं काही चुकलं नव्हतं, तिने शब्द जसा वापरतात तसाच वाचला. म्हणून हात जोडून सांगते, प्रत्येक पदार्थाचं नाव लिहा.

श्रीरंग: वैशालीताई, पटलं. पण मग एक प्रश्न. दोन बारांच्या मध्ये यंत्र नीट धुतलं तर शेंगदाण्याची सूचना लिहायची गरजच नाही ना?

नीलांबरी: धुण्यासारखं यंत्र असेल आणि धुतल्यानंतर तपासणीत काही सापडत नसेल तर खरंच गरज नाही. पण चॉकलेट जिथून वाहतं त्या नळ्या आणि टाक्या पाण्याने धूत नाहीत, कारण थोडा ओलावा राहिला तरी चॉकलेट घट्ट होतं. तिथे खरवडून काढतात आणि पुढचं चॉकलेट सोडून आधीचं बाहेर ढकलतात. त्यातून थर पूर्ण जाईलच याची खात्री नसते. बारमध्ये शेंगदाणा एकसारखा मिसळत नाही, कुठल्या तरी एकाच बारमध्ये मोठा तुकडा येऊ शकतो. म्हणून 'अंश' हा शब्दही मला नको वाटतो. 'अंश' म्हटलं की वाचणारा समजतो, नगण्य असेल. आपल्याला प्रमाण माहीतच नसतं.

आणि सगळीकडे 'असू शकते' लिहिण्याचा तोटा वेगळाच आहे. ज्याच्या त्याच्या पाकिटावर तीच ओळ दिसली की अ‍ॅलर्जी असलेली माणसं ती ओळ वाचायचंच सोडतात.

मृण्मयी: मग चॉकलेटचं काय? फक्त 4 टक्के आहे. त्यातले घटक लिहावे लागतील का?

नीलांबरी: कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या संस्थेच्या सर्वसाधारण लेबल मानकानुसार स्वतःचं ठरलेलं नाव असलेला मिश्र घटक 5 टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या आतले घटक फोडून सांगायची सक्ती नाही. अ‍ॅलर्जीकारक घटकांना मात्र ही सूट नाही. डार्क चॉकलेटमध्ये बहुधा सोया लेसिथिन असतं, ते लिहावंच. पुरवठादाराचं तपशीलपत्रक मागवा. डार्क चॉकलेट दुधाच्या चॉकलेटच्याच यंत्रावर बनत असेल तर त्यात दुधाची सूचना सापडेल, आणि ती तुमच्या मजकुरातही यायला हवी. हे पत्रक न बघता लिहिलेली यादी अपुरीच समजा.

मी असं लिहीन:

घटक: ओट्स, मध, बदाम, तीळ, डार्क चॉकलेट 4 टक्के (कोको मास, साखर, कोको बटर, सोया लेसिथिन), मीठ.
यात ओट्स (ग्लुटेन असलेले धान्य), बदाम, तीळ आणि सोया आहे. शेंगदाणा आणि दूध असू शकते.

घटकांचा क्रम बनवतेवेळच्या वजनाप्रमाणे, जास्त ते कमी. तिळाचं चॉकलेटहून जास्त वजन असेल तरच तो आधी, हे तपासून घ्या.

सदानंद: प्रश्न टिकाऊपणाचा आहे का? मग 'बेस्ट बिफोर'ला 'या तारखेपर्यंत उत्तम' लिहा. 'मुदत संपण्याची तारीख' लिहू नका.

मृण्मयी: प्रश्न तो नव्हता, पण मलाही लागणारच आहे. सध्या 'निर्मितीपासून 6 महिने' लिहिलं आहे.

नीलांबरी: सदानंदचं बरोबर आहे, कोरड्या बारला 'पर्यंत उत्तम' हे योग्य, कारण त्यानंतर चव, कुरकुरीतपणा उतरतो, लगेच धोका होत नाही. 'या तारखेनंतर वापरू नका' हे दूध, मांस यांसारख्या लवकर नासणाऱ्या मालासाठी ठेवा. पण विक्रीच्या मजकुरात एकच तारीख देता येत नाही, कारण प्रत्येक खेपेची वेगळी असते. युरोपीय संघाच्या 1169/2011 नियमातही ऑनलाइन विक्रीआधी बाकीची सक्तीची माहिती द्यावी लागते, तारखेला तेवढी सूट आहे. साठवणीच्या विशेष अटी मात्र आधीच सांगाव्या लागतात. 'थंड, कोरड्या जागी' इतकंच न लिहिता 'उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, 25 अंश सेल्सिअसखाली' असं मोजता येईल असं लिहा. 6 महिने मोजताना चाचणी ज्या तापमानाला झाली असेल, तेच तापमान इथे यायला हवं, नाहीतर तो आकडा लागू पडत नाही.

वैशाली: 'अधिहर्षता' हा शब्द सूचनेत वापरावा असं कोणी सुचवलं तर? कोशात आहे म्हणे.

मृण्मयी: मी तरी 'अ‍ॅलर्जी'च ठेवणार आहे, तो शब्द लहान मुलालाही कळतो. उरलेला प्रश्न मात्र सुटला नाही. समजा यंत्रावर बदाम, अक्रोड, काजू, पिस्ता असं सगळंच चालतं. मग एकत्र काय म्हणायचं? 'कवचफळे' कोणाला समजेल?

नीलांबरी: यंत्रावर खरंच जे चालतं त्यांचीच नावं लिहा, चार असली तर चार. घटक म्हणून घातलेल्यांचं स्वतंत्र नाव अमेरिकेतही द्यावंच लागतं. नारळ त्या गटात धरायचा की नाही यावरही देशादेशांत फरक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये तो यादीतून वगळला.

सदानंद: सगळी नावं एका ओळीत बसली नाहीत तर? 'कठीण कवचाची फळे (बदाम, काजू…)' असं चालेल का?

वैशाली: तीन ओळी लागल्या तरी लागू द्या. पण त्यातलं 'कवच' पाहून मला पहिल्यांदा नारळच आठवला.