मदत हवी आहे: ड्राय रन रिले किती अँपिअरवर ठेवावा?

आमच्या विहिरीवर ५ एचपीची ओपनवेल सबमर्सिबल मोटर असून थ्री-फेज पुरवठा सध्या रात्रीच्या पाळीत असल्याने ती ऑटो स्विचवर सोडावी लागते. विहीर तीन तासांत उपसते आणि भरायला पाच तास घेते. प्रिव्हेंटर करंटवर चालणारा असल्यामुळे चालू मोटरचा एखादा फेज गेला तरी तो ट्रिप होतो. अडचण ड्राय रनची आहे. पाणी असताना मोटर ७ अँपिअर घेते, हवा ओढू लागल्यावर ४.५. रिले ५.५ वर ठेवला होता, परंतु मध्यरात्रीनंतर व्होल्टेज ४४० च्या वर गेले की भरल्या पाण्यातला करंट उतरतो, कोरड्या मोटरचा मात्र चढतो, आणि फरक इतका कमी उरतो की मोटर कोरडी चालूनही रिले पडला नाही. सेटिंग वाढवले तर तो पाणी असतानाच पडतो. विहिरीत सेन्सरची वायर गाळामुळे टिकत नाही. अशा वेळी पॉवर फॅक्टर मोजणारा रिले खात्रीने काम करतो का, आणि त्याचा रिस्टार्ट टायमर पाच तासांवर ठेवल्यास मध्येच वीज जाऊन आल्यावर तो शून्यापासून मोजतो की मोटर लगेच चालू करतो?