मदत हवी आहे: बदलून दिलेल्या इन्व्हर्टरचा सिरीयल नंबर मूळ बिलाला कसा जोडायचा?

नमस्कार मंडळी. आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. एक्सेलमध्ये दोन शीट ठेवतो: एक विक्रीची, एक वॉरंटी क्लेमची. दोन्हींत सिरीयल नंबर सारखा, त्यावरून शोधतो.

घोळ बदली मालात होतो. ऑक्टोबर 2024 ला विकलेला इन्व्हर्टर जूनमध्ये बंद पडला, कंपनीने दुसरा दिला. वॉरंटी मात्र मूळ बिलाच्या तारखेपासूनच मोजली जाते. आता तो दुसराही बिघडलाय आणि त्याचा नंबर आमच्या एकाही बिलात नाही! गिऱ्हाईक काउंटरवर उभं, मी जुन्या वह्या चाळतोय.

क्लेमच्या शीटमध्ये ‘जुना नंबर’ आणि ‘नवा नंबर’ असे दोन रकाने केले तर साखळी मूळ बिलापर्यंत नेता येईल का? दोनदा बदली झाली तर सूत्र कसं लिहायचं? की सरळ प्रत्येक ओळीत मूळ बिल नंबरच टाकत जाऊ?

(रकाना ‘टेक्स्ट’ केलाय. आधी 16 अंकी नंबराचा शेवटचा अंक शून्य होत होता, ते कळायलाच महिना गेला.)

कोणी असं करत असेल तर रकाने कसे मांडलेत ते सांगा.