मदत हवी आहे: सिगारेट सुटली, पण गाडीतला वास जात नाही

कोपरखैरणेकर: माझ्या वडिलांनी सिगारेट पूर्णपणे सोडली आहे. मात्र ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कामावर जाता-येता, काचा बंद करून आणि एसी लावून त्यांनी गाडीत अनेक वर्षे धूम्रपान केले, त्याचा शिळा वास अजून तसाच आहे. सीट शाम्पूने धुऊन घेतल्या, सुगंधी डबीही ठेवली. इमारतीखालच्या सावलीतल्या पार्किंगमध्ये सकाळी काही जाणवत नाही. पण दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी उघडून एसी सुरू केला की पहिली काही मिनिटे राखेसारखा दर्प येतो. बहीण लवकरच तान्ह्या बाळाला घेऊन येणार आहे. वास नेमका कशात उरला आहे आणि छताचे कापड न बदलता तो घालवता येईल का?

घोडबंदरवासी: आमच्याही गाडीत पावसाळ्यात एसीचा असाच कुबट वास येत असे. पायाखालची जाजमे ओली राहिली होती, ती वाळवल्यावर वास गेला. आधी जाजमे काढून पाहावीत.

कोपरखैरणेकर: जाजमे कोरडी आहेत आणि हा दर्प बुरशीचा नाही.

नेरुळचा वाचक: खायचा सोडा सीटवर भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. तेवढ्याने न भागल्यास गॅरेजमध्ये ओझोनचे यंत्र लावून मिळते. ते वास मुळापासून नष्ट करते.

जुना गॅरेजवाला, ठाणे: सोड्याने सीटचा वास थोडा कमी होतो, एवढे खरे आहे. परंतु तुमच्या गाडीत उरला आहे तो धुराचा चिकट थर, आणि त्यातले निकोटिन स्वतःच अल्कधर्मी असल्यामुळे सोडा त्याला मारू शकत नाही. त्याला आम्ल लागते. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतले की निकोटिन पाण्यात सहज विरघळते आणि फडक्यावर उतरते. खात्री करायची असेल तर चालकासमोरचे सनव्हायझर खाली करून त्याच्या मागच्या बाजूला ओले पांढरे फडके फिरवा. ते पिवळट-तपकिरी झाले तर उन्हाने तापल्यावर वास सोडणारा थर तोच आहे.

काचांची आतली बाजू, दरवाज्यांचे प्लॅस्टिक आणि डॅशबोर्ड याच पाण्याने पुसा, फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसा, आणि शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुसायला लोक हमखास विसरतात. छताला मात्र जपून हात लावा. ते कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेले असते. पाणी आत मुरले तर गोंद सुटतो आणि कापड खाली लोंबू लागते. म्हणून फवारा थेट मारू नका. घट्ट पिळलेल्या फडक्याने, न घासता, एकाच दिशेने पुसा आणि चारही दरवाजे उघडे ठेवून वाळू द्या. हे काम पावसाळी हवेत करू नये.

एसी लावल्यावर वास येतो, याचा अर्थ अर्धे काम डॅशबोर्डच्या आत आहे. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. तो धुऊ नका, नवा बसवा. त्याच्या पुढे असलेली कूलिंग कॉइल थंड आणि ओली असते, आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण चालू असताना सगळा धूर तिच्यावरून जातो. तिथे व्हिनेगर ओतू नका. कॉइलसाठी मिळणारा फोम गॅरेजमधून मारून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पुसणे, मग कॉइल, आणि सर्वांत शेवटी नवा फिल्टर, नाहीतर नवा फिल्टरही तोच वास धरतो.

ओझोनच्या मी विरोधात आहे. थर शिल्लक असताना ओझोन निकोटिनशी क्रिया करतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होतात. शिवाय तो रबरही कडक करतो. बाळासाठी गाडी तयार करताना हे नको.

नेरुळचा वाचक: माझ्या भावाच्या गाडीत ओझोनने फरक पडला होता, हेही नमूद करतो.

जुना गॅरेजवाला, ठाणे: पडला असेल. थर आधी पुसला होता का, हा प्रश्न उरतोच.

कोपरखैरणेकर: व्हायझरमागचे फडके चहाच्या रंगाचे झाले. काचा आणि प्लॅस्टिक पुसल्यावर दर्प बराच उतरला आहे. कॉइलचे काम व्हायचे आहे. वडिलांच्या शर्टांचे काय करावे? आणि त्यांच्या खोलीच्या भिंतीला नवा रंग दिला, तरी पिवळे डाग वर आले आहेत.

जुना गॅरेजवाला, ठाणे: सुती शर्ट शेवटच्या खळबळीच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून धुवा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. भिंतीचा डाग पाण्याच्या रंगातून वर झिरपतो. भिंत धुऊन डाग अडवणारा तेलाचा प्रायमर आधी लावावा लागतो, पण तुमच्याकडे आता वर नवा रंग बसला आहे, तेव्हा तो खरवडावा लागेल की त्यावरच प्रायमर चालेल, हे एखाद्या रंगाऱ्याने भिंत पाहूनच सांगावे.