मदत हवी आहे: पहिल्यांदाच घरी केस रंगवले, मुळं केशरी आणि टोकं काळीच

रानजाई
परवा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केस रंगवले. आता आरशात एकाच डोक्यावर तीन रंग दिसतायत. टाळूपासून साधारण दोन सेंटिमीटर भडक केशरी, त्याखाली चार-पाच सेंटिमीटर तांबूस तपकिरी, आणि तिथून कमरेपर्यंत पूर्वीसारखेच काळेभोर. शिवाय मागच्या बाजूला मधेच रंग न लागलेले ठिपके आहेत.

काय केलं ते सांगते. ७.३ नंबरची, सोनेरी छटेची ६० ग्रॅमची एक ट्यूब आणि तेवढंच ३० व्हॉल्यूमचं डेव्हलपर. माझे केस मुळात अगदी काळे, म्हणून "२० ने काही दिसणार नाही" असं एका मैत्रिणीने सांगितलं होतं. भांगापासून सुरुवात करून खाली खाली लावत गेले. लावायलाच अर्धा तास गेला. मग घड्याळ लावून ३५ मिनिटं थांबले आणि धुतलं. टाळू ठीक आहे, आग किंवा पुरळ नाही.

सोमवारपासून कामावर जायचंय. उरलेला शनिवार-रविवार हाताशी आहे. काय करू?

धुकंधुकं
घाबरू नकोस गं. पर्पल शाम्पू आण आणि दोन-तीन वेळा लाव, केशरी उतरेल. नाहीतर तोच रंग पुन्हा सगळ्या केसांवर लाव, म्हणजे टोकंही उजळतील आणि एकसारखं होईल. आणि रंगवायच्या आदल्या दिवशी केस धुतले होतेस का? त्याच दिवशी शाम्पू करून लगेच रंग लावला की टाळू चुरचुरते.

शंखपुष्पी
मी १४ वर्षं केस रंगवायचं काम करते. आधी एक विचारते: टोकांवर याआधी काही लावलं होतं का? मेंदी, काळी पावडर, काहीही?

धुकंधुकं, आदल्या दिवसाचं बरोबर आहे. पण पर्पल शाम्पू पिवळेपणा मारतो, केशरी नाही. केशरीला निळी झाक लागते. आणि तोच रंग पुन्हा सगळीकडे लावू नका, रानजाई. मुळं अजून भडकतील आणि टोकं तशीच राहतील.

रानजाई
हो, सहा महिन्यांपूर्वी पार्लरमध्ये सगळे केस काळे करून घेतले होते. हे "पहिल्यांदा" मी घरी करण्याबद्दल म्हणाले. त्याने फरक पडतो का?

शंखपुष्पी
तुमचे तीन पट्टे त्यातूनच आलेत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा महिन्यांत सात सेंटिमीटरच्या आसपास. तुमचे वरचे दोन पट्टे मिळून नेमके तेवढेच भरतात. हा सगळा भाग तुमचा स्वतःचा, न रंगवलेला केस. त्याखाली जुना काळा रंग आहे, आणि ट्यूबमधला रंग आधीच्या रंगाला उजळ करू शकत नाही. तो फक्त नैसर्गिक केस थोडा उजळतो. काळ्या टोकांवर तुम्ही ७.३ लावा नाहीतर ९ लावा, दिसणार काळंच.

आता वरचे दोन पट्टे. टाळूला अंगाची ऊब असते, त्यामुळे तिथे रंग लवकर काम करतो. तुम्ही सुरुवात तिथूनच केलीत. अर्धा तास लावण्यात गेला आणि वर ३५ मिनिटं, म्हणजे मुळांवर रंग ६५ मिनिटं राहिला. वर ३० व्हॉल्यूम, म्हणजे ९ टक्के पेरॉक्साइड. काळा केस उजळला की आतून आधी लाल आणि मग केशरी निघतंच, आणि .३ च्या सोनेरी छटेने त्यात भरच घातली. पहिल्यांदा रंगवताना टाळूपासून दोन सेंटिमीटर सोडून लांबीवर लावायचं, आणि मुळं सगळ्यात शेवटी, तिथला वेळ कमी ठेवून. ठिपक्यांचं कारण सोपं: कमरेपर्यंतच्या केसांना एक ट्यूब पुरत नाही, दोन-तीन लागतात. आणि केसांचे चार भाग करून, पातळ पातळ बटा काढून लावल्याशिवाय मागचं आपलं आपल्याला दिसत नाही.

पाऊलवाट
माझं तर दर वेळी रंग लावल्यावर कानामागे खाजतं आणि दुसऱ्या दिवशी पापण्या सुजतात. मग मी अमोनिया नसलेला घेतला तरी तेच. यावर कुठला ब्रँड चांगला? तेल लावून रंगवलं तर चालेल का?

शंखपुष्पी
पाऊलवाट, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त गंभीर आहे. रंगवणं थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ही बहुतेक ॲलर्जी आहे, आणि ती बऱ्याचदा पीपीडी नावाच्या घटकाची असते. तो अमोनिया नसलेल्या रंगातही असतो, आणि काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पावडरींतही. पुढच्या वेळी प्रतिक्रिया याहून मोठी येऊ शकते. तेलाने ते टळत नाही.

रानजाई, तुम्ही कानामागे थेंबभर लावून ४८ तास पाहिलं होतं का? "टाळू ठीक आहे" हे नंतर कळलं, ते आधी कळायला हवं.

रानजाई
नाही केलं. आता नवी ट्यूब आणली तर पुन्हा करावं लागेल?

शंखपुष्पी
हो, उत्पादन बदललं की पुन्हा. म्हणजे आज लावून पाहिलंत तर रंग रविवारी रात्री. त्याआधी नाही.

करायचं एवढंच: वरचा केशरी पट्टा खालच्या तांबूस पट्ट्याइतका गडद करायचा. ५.० आणि ५.१ निम्मे-निम्मे घ्या, सोबत १० व्हॉल्यूम, कारण आता उजळायचं नाहीये. बहुतेक ब्रँडमध्ये .१ म्हणजे राखी झाक, तरी खोक्यावर वाचून घ्या. नुसतं ५.१ नको, मळकट दिसू शकतं. भांड्यात धातू नको. आधी मानेजवळची एक बट रंगवा, दर पाच मिनिटांनी ओल्या कापसाने पुसून पाहा, आणि हवा तो रंग येईल ती मिनिटं लिहून ठेवा. मग केशरी पट्ट्यावर तेवढाच वेळ. खालच्या पट्ट्यावर उतरू देऊ नका. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका, त्यात वायू साठतो. फेकून द्या.

तळ्याकाठी
मी असते तर दोन आठवडे थांबले असते. ९ टक्क्यांनंतर लगेच दुसरा रंग म्हणजे केसांवर ताण.

शंखपुष्पी
थांबता आलं तर चांगलंच. १० व्हॉल्यूम सौम्य आहे म्हणून मी अडवत नाही, पण ओली बट ताणल्यावर रबरासारखी लांबत असेल किंवा तुटत असेल तर मीही थांबा म्हणेन.

रानजाई
बट ताणून पाहिली, तुटत नाही. कानामागे लावलंय, रविवारपर्यंत वाट पाहते. टोकांचा काळा रंग काढायला मात्र काय करायचं?

शंखपुष्पी
ते घरी नको. त्याला रंग उतरवणारं औषध किंवा ब्लीच लागतं, आणि कमरेपर्यंतच्या केसांत ते एका बैठकीत क्वचितच सारखं उतरतं. त्या पार्लरला विचारा, तेव्हा नेमकं काय लावलं होतं. पावडर असेल तर त्यात धातूचे क्षारही असू शकतात, आणि त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात. परवा ते टोकांवर गेलंच होतं. तापलं होतं का काही?

रानजाई
तापल्यासारखं वाटलं नाही. उद्या फोन करून विचारते आणि इथे लिहिते.

रानजाई
रविवार, रात्री ११. कानामागे काही नाही. मानेजवळची बट १५ मिनिटांत तपकिरी झाली, खालच्या पट्ट्यापेक्षा किंचित गडद. १२ मिनिटांवर काढू का? पार्लरचा फोन अजून लागलेला नाही.

शंखपुष्पी
१२ वर पुसून पाहा. दिव्याखाली ठरवू नका, ती बट उद्या सकाळी उजेडात बघा आणि मगच बाकीचं. सोमवारी केस बांधून गेलात तरी चालेल.